पाच स्पीकर, दोनच चॅनेल: पार्ल्यातल्या एका ५.१ संचाचं प्रकरण

तक्रार साधी होती. विलेपार्ले पूर्वेच्या एका टू-बीएचकेमध्ये, साधारण ११ बाय १६ फुटांच्या हॉलमध्ये ५.१ चा संच लावलेला आहे: पुढे तीन स्पीकर, सोफ्याच्या दोन्ही अंगांना जरा मागे दोन, आणि टीव्हीच्या कोपऱ्यात सबवूफर. ओटीटीवर सिनेमा लावला की पाचही स्पीकर वाजायचे, पण मागून काही वेगळं असं ऐकूच यायचं नाही. जे पुढे, तेच जरा पातळ होऊन मागे. पावसाच्या दृश्यात पाऊस अंगाभोवती पडत नव्हता, समोरच्या भिंतीवरच पडत होता. तोच सिनेमा ब्ल्यू-रे डिस्कवर लावला की मात्र मागचे स्पीकर जिवंत व्हायचे. या एका निरीक्षणामुळे अर्धं काम सोपं झालं. घरच्यांनी ते आपणहून सांगितलं नाही, विचारल्यावर आठवलं.

आधी दोन उपाय होऊन गेले होते. एकाने मागच्या स्पीकरच्या वायरी बदलून दिल्या, फरक शून्य. दुसऱ्याने लॅमिंग्टन रोडवरून महागडी ईएआरसी केबल आणायला लावली, तीही लागली, तरी फरक शून्यच. तिसरा सल्ला टीव्हीच बदलण्याचा होता आणि तिथे घरचे थांबले. या संचात वायर, केबल, टीव्ही, रिसीव्हर यांपैकी काहीही बिघडलेलं नव्हतं. टीव्हीतल्या दोन सेटिंग चुकीच्या होत्या, एवढंच. पण त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या हे ठाऊक नसेल, तर एक दुरुस्त केल्यावर दुसरी तिचा परिणाम झाकून टाकते आणि माणूस पहिली परत होती तशी करून ठेवतो.

जोडणी समजून घेऊ. सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा रिसीव्हर दहा-बारा वर्षांचा, ५.१ चा, चार एचडीएमआय इनपुट आणि एआरसी, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे आणणारी सोय, असलेला एक आउटपुट. टीव्ही त्यानंतर घेतलेला फोर-के, त्यावर एआरसी आहे, तिचं नवं, जास्त क्षमतेचं रूप असलेली ईएआरसी नाही. स्ट्रीमिंगची स्टिक टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टमध्ये, डीटीएचचा बॉक्स पहिल्यात. ब्ल्यू-रे प्लेअर तेवढा थेट रिसीव्हरला. स्टिकही रिसीव्हरलाच का लावली नाही, असा प्रश्न साहजिक आहे. त्या काळातल्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये एचडीसीपी २.२ हे नक्कल रोखणारं संरक्षण नसतं आणि ते नसलं की ओटीटीचं फोर-के चित्र पुढे सोडलं जात नाही, ते १०८०पीवर उतरतं. चित्र जपायचं म्हणून स्टिक टीव्हीला लावली, हा निर्णय बरोबरच होता. पण त्यामुळे आवाजाचा रस्ता लांबला. स्टिकमधून टीव्हीत, टीव्हीतून एआरसीच्या वाटेने उलट रिसीव्हरमध्ये. या रस्त्यावर आवाजाचं रूप बदलू शकतील अशा तीन जागा आहेत: स्टिक काय पाठवते, टीव्ही आत काय घेतो आणि टीव्ही बाहेर काय सोडतो.

रिसीव्हरला नेमकं काय मिळतंय

सुरुवात नेहमी शेवटच्या टोकापासून करावी, म्हणजे रिसीव्हरपासून. त्याच्या मेनूतला टेस्ट टोन चालवला. खळखळाट एकेका स्पीकरमधून क्रमाने आला, डावा-उजवा उलटसुलट नव्हता. इथे वायरींचा विषय संपला. टेस्ट टोन रिसीव्हर स्वतः तयार करतो, त्यामुळे तो नीट आला तर रिसीव्हरपासून स्पीकरपर्यंतचं सगळं ठीक आहे आणि दोष रिसीव्हरच्या अलीकडे शोधायचा आहे.

मग स्टिकवर सिनेमा लावून रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे पाहिलं. तिथे `PLII Movie` असं दिसत होतं. घरच्यांना हेच पाहून आपल्याला डॉल्बी मिळतंय असं वाटत होतं आणि त्यात त्यांची चूक नाही, कारण हे लिहिलेलंच फसवं असतं. डॉल्बी प्रो लॉजिक टू हे आलेल्या सिग्नलचं नाव नाही. दोन चॅनेलच्या आवाजातून पाच स्पीकरपुरता आवाज रिसीव्हरने स्वतः काढायचा, या प्रक्रियेचं ते नाव आहे. २०१४ नंतरच्या बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्याच जागी `Dolby Surround` असं येतं आणि ते तर आणखी फसवं. नावात डॉल्बी आहे, सराउंड आहे, आणि तरी आत येणारा आवाज निव्वळ स्टिरिओ असू शकतो.

खरं काय येतंय हे बघायला प्रत्येक रिसीव्हरमध्ये वेगळी जागा असते. रिमोटवर `INFO` किंवा मेनूत `Signal Info` अशा नावाने ती सापडते. या रिसीव्हरने तिथे हे दाखवलं:

```
Format   PCM
Channel  2/0/0.0
Sampling 48 kHz
```

मधल्या ओळीतला पहिला आकडा पुढच्या चॅनेलचा, दुसरा मागच्यांचा आणि शेवटचा सबवूफरच्या चॅनेलचा. `2/0/0.0` म्हणजे पुढे दोन, मागे एकही नाही. अस्सल ५.१ असेल तर इथे `3/2/0.1` दिसतं. काही कंपन्या शेवटी नुसतं `.1` लिहितात, अर्थ तोच.

ज्यांच्या रिसीव्हरवर ही माहिती सापडत नाही, त्यांनी कानाने परीक्षा घ्यावी. रिसीव्हर `STRAIGHT` किंवा `DIRECT` मोडवर टाकायचा, म्हणजे तो स्वतःहून काही बनवत नाही, जे आलं तेच वाजवतो. मग मधल्या स्पीकरजवळ कान न्यायचा. पार्ल्याच्या या हॉलमध्ये `STRAIGHT` दाबताच मधला आणि मागचे दोन्ही एकदम मुके झाले. पात्रं बोलत होती, पण मधल्या स्पीकरच्या जाळीला कान टेकवला तरी श्वासही ऐकू येत नव्हता. सगळे संवाद डाव्या-उजव्यातून येत होते. ५.१ मध्ये संवाद बहुतेक मधल्याच स्पीकरवर असतात. तो मुका म्हणजे ५.१ पोहोचलेलंच नाही, यापेक्षा स्पष्ट पुरावा लागत नाही.

एआरसीतून काय जातं, काय जात नाही

पुढचं कळण्यासाठी या एका वाटेची मर्यादा माहीत हवी. साधी एआरसी एचडीएमआय १.४ सोबत २००९ मध्ये आली, आणि तिची क्षमता जुन्या ऑप्टिकल वायरीच्या घराण्यातलीच आहे. तिच्यातून न दाबलेला, म्हणजे पीसीएम आवाज फक्त दोन चॅनेलचा जातो. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल धरले तर सेकंदाला १.५३६ मेगाबिट होतात. सहा चॅनेलचे ४.६०८ होतील आणि त्यांना या वाटेवर जागाच ठेवलेली नाही. म्हणून ५.१ न्यायचं तर ते दाबून, गठ्ठा बांधूनच न्यावं लागतं. डॉल्बी डिजिटल जास्तीत जास्त ६४० किलोबिटमध्ये सहाही चॅनेल बसवतं आणि दोन चॅनेलच्या पीसीएमसाठी आखलेल्या जागेत आरामात मावतं.

ओटीटी अॅप मात्र बहुतेक डॉल्बी डिजिटल प्लस वापरतात. हे नवं, जास्त काटकसरी रूप आहे, त्यातला ५.१ आवाज कित्येकदा जुन्या डॉल्बी डिजिटलपेक्षाही कमी बिटमध्ये बसतो. मग ते तरी सहज जायला हवं ना? इथे बरेच जण अडखळतात. ते तारेतून नेण्यासाठी जी प्रमाणित चौकट ठरलेली आहे, ती साध्या डॉल्बी डिजिटलच्या चौपट वेगाने चालते. ऑप्टिकलवर ती चालत नाही. एआरसीवर चालू शकते, पण सक्तीची नाही: टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनीही हो म्हटलं तरच. हे हो-नाही एचडीएमआयच्या सीईसी या निरोपांच्या तारेवरून ठरतं. टीव्ही रिसीव्हरला विचारतो, तुला कोणकोणती रूपं कळतात, आणि रिसीव्हर यादी पाठवतो. टीव्हीला किंवा रिसीव्हरला कुणी सीईसी बंद करून ठेवलं असेल, तर हा संवादच होत नाही. टीव्ही सुरू केला की रिसीव्हर आपोआप सुरू होतो या कटकटीला वैतागून लोक नेमकं तेच बंद करतात. या घरात ते सुरू होतं.

पहिली गाठ: टीव्हीच्या बाहेरच्या दारावर

आता स्टिक बाजूला ठेवून टीव्हीच्या स्वतःच्या अॅपमध्ये तोच सिनेमा लावला. याचं कारण असं की टीव्हीच्या आतल्या अॅपचा आवाज स्टिकच्या वाटेने येत नाही. तीनपैकी एकच जागा, बाहेरचं दार, त्याच्या वाट्याला येते. अॅपमधल्या आवाजाच्या यादीत भाषेपुढे `5.1` लिहिलेलं होतं. रिसीव्हर मात्र अजूनही `2/0/0.0` दाखवत होता.

ही जोडी फार बोलकी आहे. अॅप ५.१ देऊ करतंय आणि रिसीव्हरला दोनच मिळतायत, म्हणजे अॅपच्या पुढे कुणीतरी ते उलगडून दोनात ओततंय. टीव्हीच्या मेनूत `Sound` खाली `Digital Sound Output` होतं आणि ते `PCM` वर ठेवलेलं होतं. टीव्हीला सांगितलं होतं की बाहेर फक्त न दाबलेला आवाज सोड. टीव्हीने आज्ञा पाळली, ५.१ उलगडलं, आणि एआरसीतून न दाबलेले सहा चॅनेल जात नाहीत म्हणून दोन करून पाठवलं.

या सेटिंगचं नाव कंपनीगणिक बदलतं. कुठे `Digital Output Audio Format`, कुठे `Digital audio out`. पर्यायही थोडे वेगळे असतात. एका प्रकारच्या टीव्हीत `Auto 1` आणि `Auto 2` असे दोन असतात, त्यातला पहिला डॉल्बी डिजिटल प्लसला प्राधान्य देतो आणि दुसरा साध्या डॉल्बी डिजिटलला. या टीव्हीत तीन पर्याय होते: `PCM`, `Auto`, `Pass Through`. ते `Auto` वर आणलं, अॅप पूर्ण बंद करून परत उघडलं. रिसीव्हरच्या आत कट असा रिलेचा आवाज झाला आणि माहितीच्या पानावर `Dolby Digital`, `3/2/0.1` उमटलं.

अॅप बंद करून उघडणं विसरू नये. कित्येक अॅप आवाजाचं रूप सिनेमा सुरू होताना एकदाच ठरवतात. सेटिंग बदलली आणि सिनेमा तिथूनच पुढे चालू ठेवला तर काही बदलत नाही, आणि हा उपाय लागू पडला नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

दुसरी गाठ: टीव्हीच्या आतल्या दारावर

टीव्हीचं अॅप सुधारलं, पण घरात वापर होता स्टिकचाच, आणि स्टिकवर सिनेमा लावला की परत `PCM 2/0/0.0`. आधीच्या कुणी एवढं केलं असतं तरी इथेच हात टेकले असते, कारण वरवर पाहता बदल झालेलाच नाही.

इथे अॅपमधली यादी पुन्हा पाहिली आणि फरक लगेच दिसला. त्याच सिनेमाच्या, त्याच भाषेपुढे स्टिकवर `5.1` लिहिलेलंच नव्हतं. अॅप ५.१ देऊच करत नव्हतं. म्हणजे या वेळी आवाज पुढे कुठे दोनात ओतला जात नव्हता. सुरुवातीलाच दोन चॅनेलचा आवाज मागवला जात होता. माझ्या मते या सगळ्या तपासात सर्वांत उपयोगी खूण हीच आहे, आणि ती बघायला कुठलंही यंत्र लागत नाही. यादीत `5.1` आहे आणि रिसीव्हरवर दोन आहेत, तर दोष अॅपच्या पुढे. यादीतच `5.1` नाही, तर अॅपला सांगितलं गेलंय की पुढच्या यंत्राला ते कळत नाही; किंवा त्या सिनेमाचा तो ट्रॅकच स्टिरिओ आहे. दुसरी शक्यता आपण टीव्हीच्या अॅपवर पाहून आधीच बाद केली होती.

अॅपला हे कोण सांगतं? एचडीएमआय जोडलं की प्रत्येक टीव्ही समोरच्या यंत्राला स्वतःची एक ओळखपत्रिका देतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मला किती रिझोल्यूशन चालतं, आवाजाची कोणती रूपं चालतात, हे तीत असतं. स्टिकमध्ये आवाज `Auto` किंवा `Best Available` वर असेल तर ती ही पत्रिका वाचून अॅपला कळवते. स्टिकची सेटिंग तपासली, ती `Best Available` वरच होती. स्टिक निर्दोष होती. पत्रिकाच अपुरी होती.

टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत आणखी खाली `HDMI Input Audio Format` नावाची वेगळी सेटिंग होती, प्रत्येक पोर्टसाठी स्वतंत्र. दुसऱ्या पोर्टला ती `PCM` होती. तशी असताना हा टीव्ही त्या पोर्टवरच्या यंत्राला फक्त दोन चॅनेलच्या पीसीएमची पत्रिका देतो. ती `Bitstream` केली. त्यानंतर स्टिक मेनूतून रिस्टार्ट केली, कारण ही पत्रिका जोडणी होताना वाचली जाते. चालू स्टिकला नवी पत्रिका आपणहून दिसेलच असं नाही. स्टिक परत आली, अॅप उघडलं, भाषेपुढे `5.1` आलं होतं. रिसीव्हरवर `Dolby Digital`, `3/2/0.1`, `48 kHz`. `STRAIGHT` मोडवर मधला स्पीकर बोलत होता, आणि पावसाचा आवाज मागच्या दोन्हींत पुढच्यापेक्षा वेगळा, स्वतःचा होता.

सगळ्या टीव्हींत ही दुसरी सेटिंग नसते. जिथे नसते तिथे टीव्ही ही पत्रिका स्वतःच्या कुवतीप्रमाणे ठरवतो. तिथे पत्रिका अपुरी वाटली, तर स्टिकमध्ये `Auto` ऐवजी हाताने `Dolby Digital` किंवा `Dolby Digital Plus` निवडून बघता येतं. अँड्रॉइडवर चालणाऱ्या बॉक्समध्ये `Advanced sound settings` खाली `Select formats` मध्ये `Manual` घेऊन हीच रूपं एकेक चालू करता येतात. असं हाताने निवडणं म्हणजे पत्रिकेकडे डोळेझाक करणं. टीव्हीला ते रूप खरोखरच कळत नसेल तर मग आवाजच येत नाही, म्हणून हा मार्ग शेवटचा ठेवावा.

`Pass Through` का नको

घरातल्या मुलाने विचारलेला प्रश्न रास्त होता: `Pass Through` म्हणजे जसं आलं तसं पुढे, तर तेच सर्वांत शुद्ध नाही का? तत्त्वाने होय. म्हणून तेही करून पाहिलं. `Digital Sound Output` ला `Pass Through` केलं आणि स्टिकवरचा सिनेमा पूर्ण मुका झाला. चित्र चालू, रिसीव्हर चालू, आवाज नाही.

कारण वर आलंच आहे. स्टिक डॉल्बी डिजिटल प्लस पाठवते. `Pass Through` मध्ये टीव्ही हात न लावता तेच एआरसीत ढकलतो. या रिसीव्हरला डॉल्बी डिजिटल प्लस त्याच्या एचडीएमआय इनपुटवर कळतं, पण एआरसीवर तो त्याला हो म्हणत नाही. त्याच्या यादीत पीसीएम, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस एवढंच आहे. जुन्या रिसीव्हरमध्ये असं आढळतं, आणि माहितीपुस्तिकेत पुढच्या पानावर डॉल्बी डिजिटल प्लसचं नाव असल्यामुळे माणूस फसतो. `Auto` मध्ये टीव्ही आधी ही यादी विचारात घेतो आणि डॉल्बी डिजिटल प्लसचं साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये रूपांतर करून पाठवतो. सहाही चॅनेल सहीसलामत पोहोचतात.

या मुक्या होण्यातच संपूर्ण प्रकरणाचं मूळ सापडलं. टीव्ही नवा असताना कुणीतरी शुद्धतेसाठी तो `Pass Through` वर ठेवला होता. त्यावर डीटीएचच्या काही एचडी वाहिन्या मुक्या झाल्या, कारण त्या वाहिन्यांचा आवाजही डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि बॉक्स तो तसाच सोडतो. आजोबांच्या बातम्यांचा आवाज गेला म्हटल्यावर आलेल्या माणसाने टीव्हीची बाहेरची सेटिंग आणि पोर्टची आतली सेटिंग, दोन्ही `PCM` करून टाकली. आवाज परत आला, सगळे खूष. पीसीएम कधीच मुकं होत नाही, प्रत्येक यंत्राला ते कळतंच. म्हणून घाईत असलेला माणूस तिथेच जातो. ५.१ ची वाट त्याच दिवशी बंद झाली, पण कुणाच्या लक्षात यायला बरेच महिने लागले, कारण प्रो लॉजिक पाचही स्पीकर वाजवत राहिलं.

म्हणून `Auto` लावल्यावर डीटीएचची तपासणी आवर्जून केली. पहिल्या पोर्टचं `HDMI Input Audio Format` देखील `Bitstream` केलं आणि आजोबांना त्यांच्या नेहमीच्या वाहिन्या एकेक करून लावायला सांगितलं. “आवाज गेला तर लगेच सांगा हं, आजोबा.” एकही मुकी झाली नाही. काही वाहिन्यांवर रिसीव्हर `PCM` दाखवतो, काहींवर `Dolby Digital`, आणि त्यांच्यामध्ये बदल करताना अर्धा-एक सेकंद आवाज तुटतो, आतून रिलेची कट होते. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. रिसीव्हर आवाजाचं नवं रूप ओळखायला तेवढा वेळ घेतो. स्टिकच्या मुख्य पानावर हे वारंवार होऊन त्रास देत असेल, तर तिच्या मेनूतले बटणांचे आवाज बंद करावेत.

ओठ आणि आवाज

रूपांतर फुकट होत नाही, त्यात वेळ जातो. डॉल्बी डिजिटल आवाजाचे १,५३६ नमुने एका चौकटीत बांधतं. ४८ किलोहर्ट्झला ती एक चौकट ३२ मिलिसेकंदांची होते. टीव्हीला आलेला आवाज उलगडून, नव्या चौकटी भरून मगच पाठवता येतो. इथेही `Auto` लावल्यानंतर आवाज ओठांच्या किंचित मागे राहायला लागला.

यावर रिसीव्हरमधलं `Lip Sync` वाढवायला जाणं ही नेहमीची गफलत आहे. रिसीव्हर आवाज फक्त आणखी उशिरा सोडू शकतो. जो अजून आलाच नाही तो लवकर कसा सोडणार? या रिसीव्हरमध्ये पीसीएमच्या काळात कुणीतरी हाताने ६० मिलिसेकंद घालून ठेवले होते. ते शून्य केले आणि तक्रार मिटली. तरी उरली असती तर टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत `AV Sync` बघायचं. आवाज पुढे आणि ओठ मागे असतील तरच रिसीव्हरचा उशीर कामाचा.

पीसीएम नेहमीच वाईट नसतं

एवढं वाचून पीसीएम दिसलं की बदलायचंच असा समज होऊ नये. पीसीएम म्हणजे फक्त न दाबलेला आवाज. त्यात दोन चॅनेल असतील किंवा आठ, हे रस्त्यावर अवलंबून आहे. तीच स्टिक किंवा गेमचा कन्सोल थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला लावला, तर त्या वाटेवर पीसीएमचे आठ चॅनेल मोकळेपणी जातात. रिसीव्हर `Multi Ch` किंवा `PCM 3/2/0.1` दाखवतो आणि ते अस्सल ५.१ असतं. ईएआरसीवरही तसंच, ती वाट सेकंदाला ३७ मेगाबिटपर्यंत नेते. अडचण येते ती फक्त साध्या एआरसीवर आणि ऑप्टिकलवर.

यामुळे काही बॉक्स मोठ्या कोड्यात टाकतात. ते आलेला ५.१ आवाज स्वतःच उलगडतात आणि सहा चॅनेलचा पीसीएम टीव्हीला देतात. टीव्ही तो घेतो, पण साध्या एआरसीतून पुढे नेऊ शकत नाही आणि दोन करून पाठवतो. अॅपमध्ये `5.1` लिहिलेलं, टीव्ही `Auto` वर, तरी रिसीव्हरवर दोनच. अशा वेळी बॉक्सच्या आवाजाच्या मेनूत `Change Format` सारखी सेटिंग शोधून ती `Dolby Digital 5.1` करायची, म्हणजे बॉक्स आवाज परत गठ्ठ्यात बांधून देतो. नेटवर कुणी पीसीएमच उत्तम असं ठामपणे सांगतो आणि कुणी ते कधीच लावू नका असं. दोघंही आपापल्या जोडणीपुरते बरोबर असतात.

मर्यादा आणि पुढचं

जुने मराठी सिनेमे, बऱ्याच डब केलेल्या आवृत्त्या आणि यूट्यूबवरचं बहुतांश काही स्टिरिओतच असतं. तिथे रिसीव्हरने `PCM 2/0/0.0` दाखवणं हेच बरोबर आहे आणि मूळ भाषेपुढे `5.1` असलं तरी डबपुढे नसू शकतं. एकाच सिनेमात भाषा बदलल्यावर मागचे स्पीकर गप्प झाले, तर आधी यादी पाहावी, सेटिंगला हात लावू नये. अशा गोष्टींसाठी प्रो लॉजिक ठेवायला काहीच हरकत नाही. संवाद मधल्या स्पीकरवर येतात आणि सोफ्याच्या कडेला बसलेल्यालाही ते पडद्यातूनच आल्यासारखे वाटतात. रिसीव्हर आलेल्या प्रत्येक रूपासाठी मोड वेगळा लक्षात ठेवत असेल, तर स्टिरिओसाठी `PLII`, डॉल्बी डिजिटलसाठी `STRAIGHT` असं ठरवून ठेवावं.

टीव्हीच्या सॉफ्टवेअर अपडेटनंतर किंवा टीव्ही फॅक्टरी रीसेट केल्यावर पोर्टची सेटिंग मूळपदावर जाऊ शकते. म्हणून दोन्ही पानांचे फोटो फोनमध्ये काढून ठेवायला सांगितलं. रिसीव्हर आधी चालू आणि मग अॅप, हा क्रमही पाळावा. रिसीव्हर बंद असताना अॅप उघडलं तर टीव्हीला फक्त आपले स्वतःचे दोन स्पीकर माहीत असतात.

राहिला अॅटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या डॉल्बीच्या रूपाचा प्रश्न, कारण त्यासाठीच घरच्यांना ईएआरसीचा टीव्ही घ्यायला सांगण्यात आलं होतं. ओटीटीचं अॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसच्याच पोटात येतं आणि डॉल्बी डिजिटल प्लस साध्या एआरसीतूनही जाऊ शकतं. आजच्या संचात ते साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये बदलताना वरच्या आवाजांची माहिती गळून जाते, पण छताला स्पीकरच नाहीत, तेव्हा ऐकण्यात तोटा नाही. उद्या छताचे स्पीकर लावायचे ठरले तर बदलावा लागेल तो रिसीव्हर: अॅटमॉस कळणारा, एआरसीवर डॉल्बी डिजिटल प्लसला हो म्हणणारा आणि एचडीसीपी २.२ असलेला. तो आला की स्टिक थेट त्यालाच लावता येईल, फोर-के चित्र तसंच राहील, आणि टीव्हीच्या या दोन्ही सेटिंग फक्त डीटीएचच्या बॉक्सपुरत्या उरतील. टीव्ही आहे तोच चालेल.